लीड, पाय आणि शिसे

«आयटीआयच्या नोट्स मराठीत आणतोय. इंग्रजीतल्या 'लीड' या एकाच शब्दाला मशिनिंगच्या प्रकरणात एक, वायरिंगमध्ये दुसरा आणि रसायनशास्त्रात तिसराच शब्द लिहावा लागतोय. सगळीकडे एकच प्रतिशब्द ठरवून टाकला तर काय बिघडेल?»

लेथवरचा जॉब बिघडेल. कसा ते पुढे सांगतो, पण आधी मूळ गोम बघा. एल-ई-ए-डी ही अक्षरं एक असली तरी शब्द दोन आहेत. धातूचा तो 'लेड' आणि 'पुढे नेणे' या क्रियापदाचा तो 'लीड'. जुन्या इंग्रजीतही हे वेगळे शब्द होते. पुढे स्पेलिंग एकसारखं झालं आणि उच्चार मात्र वेगळे राहिले. बोलताना इंग्रज माणसाचा घोटाळा होत नाही, छापील पानावर आपला होतो. त्यात 'पुढे नेणे'वाल्या शब्दाला दोन धंद्यांनी दोन वेगळ्या कामांना लावलं. स्क्रू एका फेरीत नटाला किती पुढे नेतो, ते मशिनिंगमधलं लीड. वीज पुढे नेणारी तार, ते वायरिंगमधलं लीड.

मशिनिंगपासून सुरुवात करू. साध्या स्क्रूवर एकच आटा गुंडाळलेला असतो. अशा स्क्रूत शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, आणि एका फेरीत नट जेवढा सरकतो ते लीड, दोन्ही सारखंच येतं. म्हणून बरेच जण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि वर्षानुवर्षं काही अडत नाही. अडतं ते दोन तोंडांच्या आट्याला. समजा ड्रॉइंगवर पिच २ मिमी आणि दोन स्टार्ट, म्हणजे दोन तोंडं, असं दिलंय. मग लीड ४ मिमी, कारण लीड म्हणजे पिच गुणिले स्टार्ट. लेथच्या लीड स्क्रूचं लीड ६ मिमी असेल तर चेंज गिअरचं गुणोत्तर ४ भागिले ६, म्हणजे चालवणारा गिअर ४० दात्यांचा आणि चालणारा ६० दात्यांचा. आता भाषांतरात दोन्हींना 'आट्यांचं अंतर' लिहिलंत, तर पोरगा २ भागिले ६ लावणार, म्हणजे २० आणि ६०. पहिला आटा दिसायला झकास पडतो. मग तो जॉब अर्धा फेरा फिरवून दुसरा आटा पाडायला घेतो, तर टूल पहिल्या आट्यांच्या बरोबर मधल्या उंचवट्यावर येऊन बसतं आणि तो उंचवटाच खाऊन टाकतं. उरतं ते १ मिमी अंतराचं उथळ काहीतरी, ज्यात कुठलाच नट जाणार नाही.

इथे मी 'लीड' तसाच ठेवतो. पहिल्यांदा येईल तिथे 'एका फेरीत पुढे सरकण्याचं अंतर' एवढी व्याख्या द्यायची आणि पुढे खुशाल लीड म्हणायचं. शॉपमध्ये कामगार हाच शब्द बोलतात. संस्कृतातून नवीन शब्द पाडलात तर तो परीक्षेपुरता जगेल आणि मशिनवर परत लीडच ऐकू येईल. आणि लीड स्क्रूला 'शिशाचा स्क्रू' लिहिणारं यांत्रिक भाषांतर दिसलं, तर हसून सोडू नका, तीच फाइल पुढे आणखी काय काय करून बसली असेल ते तपासा.

वायरिंगमध्ये उलट आहे. इथे मराठी शब्द आधीच तयार आहेत, फक्त ते एकच नाहीत. मल्टिमीटरच्या लीड म्हणजे मीटरच्या वायरी, लाल आणि काळी. रेझिस्टर किंवा कपॅसिटरच्या लीडला दुरुस्तीवाले सरळ पाय म्हणतात. एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्ह, हे वाक्य मराठीत इतकं रुळलंय की तिथे 'अग्र' वगैरे लिहिलं तर वाचणारा अडखळेल. शिवाय त्याच प्रकरणात एक क्रियापदही येतं: कपॅसिटरमधला प्रवाह विद्युत दाबाला 'लीड' करतो. तिथे तार नाही आणि पायही नाही, प्रवाह दाबाच्या ९० अंश पुढे असतो एवढंच.

रसायनशास्त्रात धातूला शिसे. संयुगांच्या नावात मात्र लेड ठेवावा, लेड नायट्रेट, लेड आयोडाइड, कारण शाळेच्या पुस्तकापासून तोच वाचलेला असतो आणि Pb या चिन्हाशी जुळवणं शिक्षकच करून देतात. काही जुन्या नावांत मात्र शब्दाला शब्द लावून चालत नाही. 'रेड लेड' म्हणजे 'लाल शिसे' नव्हे, तो शेंदूर, Pb₃O₄. आणि शिसपेन्सिलीत तर शिसे नाहीच. ग्राफाइटला लोक शिशाचाच एक प्रकार समजत होते, ते कार्बनचं रूप आहे हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं, पण पेन्सिलीला चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. एक सावधगिरी: 'शिशाचे भांडे' असं लिहिलं की हिंदी जास्त वाचणारा माणूस काचेचं भांडं समजतो. विषाचा प्रश्न असेल तिथे 'शिसे या धातूचे' एवढं लांब लिहायला कंटाळू नये.

प्रकरणावरून अर्थ ठरवायचा, हा नियम तुम्ही मनाशी धरला असेल तर तोही पुरत नाही. 12L14 हे पोलाद मशिनिंगच्याच पुस्तकात भेटतं आणि त्यातला L शिशाचा असतो, वजनाने ०.१५ ते ०.३५ टक्के. हे शिसे पोलादात विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात राहतं, त्यामुळे कापताना निघणारी चिप लांब वेटोळी न होता तुकड्यातुकड्यांत तुटते. म्हणून मी शेजारचं एकक बघतो. मिलिमीटर असेल तर सरकण्याचं अंतर. टक्के किंवा पीपीएम असेल तर शिसे. अनेकवचन असेल आणि लाल-काळा-लांब-आखूड अशी विशेषणं असतील तर वायर किंवा पाय.

सगळ्यात वाईट गाठ सोल्डरिंगच्या पानावर पडते. तिथे 'लीडलेस' आणि 'लेड-फ्री' असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. पहिल्याचा अर्थ बिनपायांचा, म्हणजे ज्या चिपला बाहेर पाय नसतात, खालीच पट्टे असतात. दुसऱ्याचा अर्थ बिनशिशाचा. त्यातून एका चिपच्या जातीचं नाव QFN, त्यातल्या N चा अर्थ 'नो-लीड', तेव्हा ते बिनशिशाचं वाटणं साहजिक आहे. आता दोन्हींना 'लीडरहित' लिहून बघा. बिनपायांची चिप शिसे असलेल्या सोल्डरनेही लावता येते, पण वाचणारा आता ती बिनशिशाची धरून चालेल. कथील ६३ आणि शिसे ३७ टक्के असं जुनं सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळतं. बिनशिशाचं नेहमीचं मिश्रण २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. सोल्डर बिनशिशाचं आणि तापमान जुन्या सवयीचं ठेवलं, तर जोड नीट वाहत नाही, वरून लागल्यासारखा दिसतो आणि धक्का बसला की सुटतो. उलट गोंधळ झाला तर चिपला उगाच जास्त भाजलं जातं.

तुमच्या नोट्समध्ये या दोन शब्दांपुरतं तरी 'बिनपायांची' आणि 'बिनशिशाचे' असं सरळ लिहा. 'लेस' आणि 'फ्री'साठी कागदी शब्द शोधत बसू नका. लीड स्क्रू, लीड आणि पिच तसेच राहू द्या. पहिल्या पानावर उच्चारांसह छोटी यादी करा, म्हणजे विद्यार्थी निदान 'लेड'ला लीड म्हणून वाचणार नाही.