सहा पडणार का नाही? तेच ते प्रश्न, एकदाची उत्तरं

आमच्या सांगली-साताऱ्याकडं यात्रा-उरूस सुरू झाले की फाशांचे प्रश्न यायला लागतात, आणि सुट्टी लागली की ल्युडोचे. प्रश्न वेगवेगळे पण घोटाळा एकच, म्हणून यावेळी सगळे एकत्र घेतलेत. मी संख्याशास्त्र शिकवतो, ज्योतिष नाही, तेव्हा "आज कुठला आकडा लागेल" विचारणाऱ्यांना उत्तर दिलेलं नाही.

"फासा सहा वेळा टाकला की एकदा तरी सहा पडतोच ना? सहात एक चान्स असतो म्हणून विचारतोय." (तासगाव)

नाही. साधारण तीन खेपेतल्या एका खेपेला सहा वेळात एकदाही सहा पडत नाही.

"एकच फासा चारदा टाकला काय आणि चार फासे एकदम टाकले काय, फरक पडतो का?" (जत)

पडत नाही.

"एकदा तरी सहा पडायचा चान्स काढताना सगळे आधी सहा न पडायचा का काढतात? सरळ का काढत नाहीत?" (कराड)

काढता येतो की, पण डोकं पिकतं. चार वेळा फासा टाकलाय म्हणा. "एकदा तरी सहा" यात एक सहा आला, दोन आले, तीन आले, चारही आले, तो पहिल्यांदा आला का शेवटी आला, हे सगळं धरावं लागतं. उलट बाजू मात्र एकच, एकदाही सहा नाही. म्हणून ती काढायची आणि एकातून वजा करायची.

एका वेळी सहा न पडायचा चान्स ५/६. चार वेळा लागोपाठ न पडायचा ५/६ गुणिले ५/६ गुणिले ५/६ गुणिले ५/६, म्हणजे ६२५/१२९६. चार वेळात एकूण १२९६ प्रकारे आकडे पडू शकतात, त्यातल्या ६२५ मध्ये सहा कुठंच नाही, उरलेल्या ६७१ मध्ये एकदा तरी आहे. ६७१ भागिले १२९६, झाले ५१.८ टक्के. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ५ भागिले ६ करा, जितक्या वेळा फासा टाकणार तितक्या वेळा तो आकडा गुणा, आणि १ मधून वजा करा, झालं. दोनदा टाकला तर ३०.६ टक्के येतात, तीनदा ४२.१.

हा गुणाकार चालतो तो दोन अटींवर. फासा खरा पाहिजे, आणि एका वेळेचा पुढच्या वेळेशी संबंध नको. फासा हातात न खुळखुळवता नुसता ठेवल्यासारखा टाकणारी मंडळी असतात, त्यांच्या बाबतीत माझं गणित लागू नाही.

"आमच्याकडं यात्रेत तीन फाशांचा स्टॉल असतो. एका आकड्यावर दहा रुपये लावायचे. एका फाशावर तो आला तर वर दहा मिळतात, दोनवर आला तर वीस, तिन्हीवर आला तर तीस. तीन फासे, सहा आकडे, म्हणजे निम्मा चान्स झाला, वर डबल-तिबलचा फायदा वेगळा. मित्र तर म्हणतो तो दरवर्षी जिंकूनच येतो. खेळावं का?" (पलूस)

खेळू नका. आता कारण ऐका, जरा लांबेल, पण हाच प्रश्न मला दरवर्षी येतो आणि दरवर्षी कुणाचा तरी मित्र जिंकलेला असतो. हरलेला मित्र कधी सांगायला येत नाही, एवढं आधी लक्षात घ्या.

तुम्ही १/६ अधिक १/६ अधिक १/६ केलंत आणि निम्मं आणलंत. असंच बेरजेनं जायचं तर सहा फाशांना शंभर टक्के होतील आणि सात फाशांना शंभरच्या वर, तेव्हा कुठंतरी चुकतंय हे तिथंच कळायला पाहिजे होतं. चुकतंय कुठं ते बघू.

फासे लाल, पांढरा आणि पिवळा आहेत समजा, आणि तुम्ही सहावर पैसे लावलेत. तिन्ही मिळून २१६ प्रकारे पडू शकतात. लालवर सहा असलेले प्रकार ३६, पांढऱ्यावर ३६, पिवळ्यावर ३६. बेरीज १०८, २१६ च्या निम्मे, बरोबर तुमचंच गणित. पण लाल आणि पांढरा दोन्हीवर सहा पडला तो प्रकार तुम्ही लालच्या ३६ मध्येही धरलात आणि पांढऱ्याच्याही. लग्नात दोन्हीकडून आमंत्रण असलेला पाहुणा दोनदा मोजला की ताटं जास्त निघतात, तसं झालं.

नीट मोजू. एकाही फाशावर सहा नाही असे प्रकार ५ गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे १२५. नेमक्या एकाच फाशावर सहा असे ७५. नेमक्या दोनवर असे १५. तिन्हीवर सहा असा १. म्हणजे एक तरी सहा आहे असे प्रकार ७५ अधिक १५ अधिक १, एकूण ९१. चान्स ९१/२१६, म्हणजे ४२ टक्के, निम्मा नाही.

मग ते १०८ कुठनं आले? तेही खोटे नाहीत, आणि खरी गंमत इथंच आहे. ७५ प्रकारात एकेक सहा म्हणजे ७५, १५ प्रकारात दोन दोन म्हणजे ३०, आणि शेवटच्या एकात तीन. टोटल मारा, १०८ सहा. सहा १०८ च आहेत, पण ते ९१ डावांतच बसलेत, कारण काही डावांत दोन-तीन एकदम येऊन पडलेत. बेरजेनं तुम्हाला सरासरी किती सहा पडतील ते मिळतं, किती डावांत सहा दिसेल ते मिळत नाही. स्टॉलवाला तुम्हाला पहिला आकडा ऐकवतो आणि स्वतः दुसऱ्यावर कमावतो.

आता तो डबल-तिबलचा फायदा. "दोन आले तर वीस, तीन आले तर तीस" ऐकलं की वाटतं वरची भरपाई झाली. बघू झाली का. २१६ प्रकार एकेकदा पडले असं धरा, दरवेळी दहा रुपये. ७५ डावांत दहा-दहा मिळाले, ७५० रुपये. १५ डावांत वीस-वीस, ३०० रुपये. एका डावात तीस. मिळाले १०८० रुपये. आणि हरलेल्या १२५ डावांत गेले १२५० रुपये. म्हणजे १७० रुपये तुमच्या खिशातनं त्याच्या डब्यात, दहाच्या प्रत्येक डावाला ७९ पैशाच्या आसपास. हे फासे अगदी खरे असताना! त्याला फसवायची गरजच पडत नाही, गर्दी आणि रात्रभरचे डाव पुरतात. बक्षिसाची पाटी मोठी असते ती याच्यासाठीच, माणूस पाटी वाचतो आणि १२५ विसरतो.

तुमचा मित्र मात्र खोटं बोलत नसेल. १०-१५ डावांत पुढं राहणारे बरेच निघतात. तो पाचशे डाव खेळू दे आणि प्रत्येक डाव वहीत लिहू दे, मग मला सांगू दे.

आणखी एक. पैसे लावून असले स्टॉल चालवणं १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्यात अडकू शकतं, खेळणाराही सुटतोच असं नाही. यात्रेत सगळेच खेळतात ही ऐकीव माहिती उपयोगाची नाही, तुमच्या प्रकरणात काय लागू होतं ते वकिलालाच विचारा. आणि "गेलेले काढून मग थांबतो" असं चाललं असेल तर वकिलाच्याही आधी घरच्यांशी बोला आणि समुपदेशकाकडं जा, पुढच्या यात्रेची वाट बघू नका.

"ल्युडोच्या ॲपवर मला लागोपाठ २० वेळा सहा पडला नाही. आता पडायचाच ना? का ॲपच गंडवतंय?" (वाई)

पडायचाच असं काही नाही. फाशाला मागचं आठवत नाही, २१ व्या वेळीही चान्स १/६ च.

गोंधळ कुठं होतो सांगतो. सुरुवातीला विचारलं असतं की २१ वेळात एकदा तरी सहा पडेल का, तर चान्स जवळपास ९८ टक्के. पण तो २१ च्या २१ वेळांचा मिळून होता, त्यातल्या २० वेळा आता होऊन गेल्या. उरली एक, आणि ९८ टक्के त्या एकीच्या डोक्यावर ठेवता येत नाहीत.

ॲप गंडवतंय का, तेही एवढ्यावरनं ठरत नाही. २० वेळा कोरडं जाण्याचा चान्स २.६ टक्के, म्हणजे ३८ जणांत एकाला होणारी गोष्ट, आणि तुम्ही रोज किती डाव खेळता ते तुम्हालाच माहीत. शंकाच असेल तर आजपासून लागोपाठ १२० वेळांचे आकडे लिहा, मनासारखे निवडून नाही, सगळे. सहा साधारण २० वेळा यायला पाहिजे. १२ ते २८ च्या मधे आला तर फाशाला दोष देऊ नका. त्याच्या बाहेर गेला तर वही घेऊन जवळच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या कुणालातरी दाखवा. पैसे लावून खेळत असाल तर वही लिहीत बसू नका, आधी ते बंद करा.

"९० टक्के खात्रीनं एकदा तरी सहा हवा असेल तर किती वेळा टाकावा?" (मिरज)

१३ वेळा. १२ ला थोडक्यात हुकतं, ८८.८ टक्के. १०० टक्के कधीच होत नाहीत.

"एका फाशानं चार वेळात सहा पडायचा चान्स निम्म्यापेक्षा जास्त. मग दोन फाशांवर एकदम दोन्ही सहा यायला सहापट, म्हणजे २४ वेळा पुरे ना?" (कोरेगाव)

पुरत नाहीत, पण शंका चांगल्या घरातली आहे. हीच शंका फ्रान्समधल्या शेवालिए द मेरे नावाच्या गृहस्थांना होती, आणि पास्कल या गणितज्ञानं २९ जुलै १६५४ च्या पत्रात ती फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला कळवली. दोन्ही सहा न यायचा चान्स ३५/३६, तो २४ वेळा गुणून १ मधून वजा केला की ४९.१ टक्के येतात. २५ वेळांना ५०.६ होतात. प्रमाणानं पट करून चालत नाही, गुणाकारच करावा लागतो. कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा, माझ्यावर विसंबू नका.

"सहा वेळा फासा टाकला तर किमान एकदा सहा येण्याची संभाव्यता विचारली होती. मी ४०.२ टक्के काढली, सरांनी चूक दिली. परवा पेपर आहे." (विटा, दहावी)

परवा पेपर आणि आज विचारताय. सरांचं बरोबर आहे. तुम्ही नेमका एकदाच सहा येण्याचं काढलंत, ४६६५६ पैकी १८७५० प्रकार. "किमान एकदा" मध्ये दोनदा, तीनदा, सहाही वेळा आलेले सगळे येतात. सहा अजिबात नाही असे १५६२५ वजा करा, उरतात ३१०३१, म्हणजे ६६.५ टक्के. आणि "जास्तीत जास्त एकदा" विचारलं तर १५६२५ मध्ये तुमचे १८७५० मिळवायचे, ३४३७५ होतात. उद्या सकाळी वही घेऊन सरांकडं जा आणि ही तिन्ही गणितं त्यांच्यासमोर सोडवा.