आधी पडदा, मग कपडा

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री तीनदा वाचला. द्राक्षतोडणीच्या नाचासाठी बारा मुली, ड्रेसवाल्याकडे बॉटल ग्रीन नऊवार ठरवलेली, आणि शाळेच्या हॉलमध्ये मागे मरून मखमली पडदा. पालक म्हणतात, "लालसर पडद्यावर हिरवं छानच उठेल." तुला पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. तुझं बरोबर आहे. का ते मी सांगते.

लाल आणि हिरवा हे वेगळे रंग आहेत हे खरं. पण बॉटल ग्रीन आणि मरून दोन्ही सारखेच गडद आहेत. दुकानात हातभर अंतरावर फरक दिसतो. पंधराव्या रांगेतून डोळ्याला आधी कळतं ते फिकट काय आणि गडद काय एवढंच, रंगाचं नाव नंतर. दोन्ही गडद असले की साडीची कड पडद्यात विरघळते, आणि कड गेली की गिरकीही गेली. म्हणून सांगते, आधी पडदा, मग कपडा.

हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्या तिसऱ्या गॅदरिंगला मी मुलींना काळे घागरे घातले होते, आरसेकाम केलेले. मागे काळा पडदा. शेवटच्या रांगेतून नुसते चेहरे आणि हात हलताना दिसत होते. महिनाभर घोटून घेतलेलं पायाचं काम कोणालाच दिसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर एका आईने विचारलं, "बाई, माझी मुलगी कुठे उभी होती?" ती मधोमध होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि अजूनही तो प्रश्न आठवला की घशात अडकतं.

तेव्हापासून मी हट्टी झाले. रंग ठरवण्याआधी मी हॉलची किल्ली मागते. तूही तेच कर. मेनरोडवरून अर्धा अर्धा मीटर कापड आण: बॉटल ग्रीन, पोपटी, लिंबू पिवळं आणि मोतिया. पडद्याला टाचणीने लाव. कार्यक्रमात लागणार तेच दिवे लावायला सांग, ट्यूबलाइटवर ठरवू नकोस. शेवटच्या रांगेत जा, डोळे किलकिले कर. मग फोनवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट कर. जो तुकडा पडद्याच्या करड्यात मिसळला तो बाद. बॉटल ग्रीन मिसळेल, पोपटी बहुधा उठून दिसेल, पिवळं नक्की दिसेल. कापडाचा पोतही बघ: मखमल उजेड गिळते, सॅटिन परत फेकतं.

आता दिवे. लाइटवाला हौसेने लाल लावेल. लाल उजेडात हिरवा कपडा काळपट पडतो, कारण त्याला परत पाठवायला हिरवा उजेड मिळतच नाही. मरून पडदा मात्र त्याच उजेडात उजळतो. निळ्या उजेडात पिवळं आणि लालही तसंच मरतं. म्हणून तुझ्या नाचाला समोरून साधा पांढरट-पिवळसर उजेड माग. जमलं तर मागून वरून एक दिवा, म्हणजे केसांची आणि खांद्यांची कड सुटी होईल. काळे केस आणि गडद पडदा म्हणजे डोकीच गायब. पांढऱ्या गजऱ्याने ती परत मिळतात.

ड्रेसवाला साडी बदलून देणार नाही, असं तू लिहिलंस. विचारलंस का? की पालकांचा संकोच? मला हे चालत नाही. पैसे पालक देतात हे खरं, पण मुली पडद्यापुढे उभ्या राहणार आहेत, पालकांच्या दिवाणखान्यात नाही. विचार, लाल काठाची पोपटी आहे का. नसलीच, तर बॉटल ग्रीनवर मोतिया रंगाचा रुंद शेला कमरेला घट्ट बांध, पदर पुढून दिसेल असा घे, आणि टोपल्या पिवळ्या रंगव. अर्धं काम होईल, पूर्ण नाही. पाय तरीही अंधारात राहतील, हे मनात धरून ठेव आणि पायाच्या हालचाली हातांवर आण. किंवा मरून पडदा बाजूला सारून मागे पांढरी चादर ताणता येते का ते बघ. मग तीच बॉटल ग्रीन झकास दिसेल. बघ, साडी तीच, फक्त पडदा बदलला.

लोक म्हणायचे, बाई पालकांना दोनदा खर्चात पाडतात. एकदा पाडलंही, ठरलेली ऑर्डर मी रद्द करायला लावली आणि मुख्याध्यापकांशी वाजलं. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेत मी स्वतः बसले होते. सोळाच्या सोळा मुली मोजता आल्या.

शनिवारी हॉल उघडून घे. तुकडे लाव, दिवे लाव आणि शेवटच्या रांगेतून काढलेला फोटो मला पाठव. ब्लॅक अँड व्हाइटच पाठव, रंगीत नको.

तुझी,
बाई