आधी नट, मग जॅक

स्टेपनी बदलायच्या पायऱ्या रेकॉर्ड करतोयस ना? मग मॅन्युअलमधला क्रम जसाच्या तसा वाचू नकोस. ‘जॅकने गाडी उचला, त्यापूर्वी नट सैल केलेले असावेत’ हे ऐकेपर्यंत माणसाने गाडी उचललेली असते, आणि हवेतलं चाक पान्याबरोबर फिरायला लागतं. त्याऐवजी असं बोल: ‘गाडी अजून जमिनीवरच आहे. हँडब्रेक ओढा. पाना नटावर बसवा, घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा द्या. नट काढू नका.’ मग थांब. गंजलेला नट वेळ खातो. ‘आकृती ३ पाहा’ सरळ उडव. काळ्या हातांनी पान कोण उलटणार? स्टेपनी बसवून नट आवळायची वेळ आली की ‘एक आवळला की त्याच्या समोरचा’ हे मात्र दोनदा सांग.