जुन्या मोटरसायकलचं ऑइल: डब्यावर नेमकं काय वाचायचं?

प्रश्न: वीस वर्षं जुनी १०० सीसी गाडी आहे, जळगावात राहतो. डब्यावरचे २०डब्ल्यू-४०, एसएल, एमए हे काय असतं? कारचं महाग ऑइल टाकलं तर चालेल का?

उत्तर: कारचं नको. तुमच्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी प्लेटा घसरतात. माझ्या काकांनी हेच केलं होतं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही ओढेना. नशीब, प्लेटा जळल्या नव्हत्या. ऑइल बदलल्यावर पकड परत आली.

म्हणून आधी 'जासो एमए' किंवा 'एमए२' शोधा, ही ऑइलमध्ये बुडणाऱ्या क्लचसाठीची जपानी मानकाची खूण. 'एमबी' हे बहुतेक गिअरलेस स्कूटरसाठी, ते घेऊ नका.

२०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतली वाहण्याची क्षमता सांगतो, आणि आपल्याकडे तशी थंडी पडतेच कुठे! दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० असेल तर तेच टाका. इंजिन झिजून ऑइल खात असेल आणि मॅन्युअलची मुभा असेल, तर मे महिन्यात २०डब्ल्यू-४० बरं पडतं. निळा धूर मात्र त्याने बरा होत नाही, रिंगा बघाव्या लागतात.

एसएलमधलं 'एस' पेट्रोल इंजिनाचं. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा, त्यामुळे एसजी सांगितलं असेल तिथे एसएल चालतं, पण एमए हवंच.