भूवर्णनाचे दीर्घ उत्तर : पट्टे एकदाच पाडावेत

"दूरशिक्षणातून बी.ए. करते, डिचोलीची आहे. 'गोव्याची प्राकृतिक रचना, जलप्रणाली, हवामान व साधनसंपत्ती यांचे वर्णन करा' हा 16 गुणांचा प्रश्न होता. चार मथळे दिले, सगळ्या नद्या लिहिल्या, आकडेही बरोबर होते, तरी 6 गुण मिळाले. नेमके काय चुकते?"

तुमची ओळ वाचली आणि माझी स्वतःची उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आली. चार मथळे, सगळ्या नद्या, बरोबर आकडे, आणि गुण तुमच्यापेक्षाही एक कमी. मथळे द्यावेत, अक्षर सुवाच्य असावे, नकाशा काढावा, हे तुम्हाला ठाऊकच असणार, म्हणून ते सोडून देते. मी परीक्षक नाही, तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे हे मत आहे, नियम नव्हे.

माझी चूक मला निकालानंतर जवळजवळ पाच महिन्यांनी कळली, आणि तीही फार उशिरा. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागण्यासाठी ज्या कार्यालयात जावे लागले, तिथे अर्ज एका खिडकीत, शुल्क दुसऱ्या खिडकीत आणि पावतीवरचा शिक्का तिसऱ्या माणसाकडे, असा प्रकार होता. तो तिसरा माणूस दोन खेपांना जागेवर नव्हता. तिसऱ्या खेपेस, बैठक क्रमांक चुकीच्या चौकटीत लिहिला आहे म्हणून अर्जच परत केला. पहिल्या खिडकीवर तो कोणीही पाहिला नव्हता. प्रत हातात आली तेव्हा पुनर्मूल्यांकनाची मुदत उलटून गेलेली होती. त्यांचे नाव घेत नाही, पण फोंड्याहून बसने केलेल्या त्या खेपा अजून विसरलेले नाही. प्रत मागायची असेल तर निकालाच्या आठवड्यातच मागा, आणि भरलेल्या अर्जाची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.

त्या प्रतीवर माझ्या 'साधनसंपत्ती' या मथळ्यापाशी समासात लाल शाईने एकच शब्द होता : "संबंध?"

मी केले होते ते असे. प्राकृतिक रचनेत गोव्याचे तीन पट्टे पाडले : पूर्वेचा सह्याद्री, मधला जांभ्याच्या पठारांचा व टेकड्यांचा भाग, आणि किनारपट्टी. इथवर ठीक होते. जलप्रणालीत मात्र ते पट्टे सोडून तेरेखोलपासून गालजीबागपर्यंत उत्तरेकडून दक्षिणेकडे नद्यांची यादी दिली. हवामान ऋतूंनुसार लिहिले. साधनसंपत्तीपाशी पोहोचले तेव्हा तालुक्यांनुसार लिहू लागले : सत्तरीत हे, सांग्यात ते. म्हणजे एकाच प्रदेशाची मी चार वेळा चार निरनिराळ्या पद्धतींनी विभागणी केली. प्रत्येक परिच्छेद एकटा वाचला तर बरोबर होता, पण चारही एकत्र वाचणाऱ्याच्या मनात गोवा उभा राहत नव्हता. तुमच्याकडेही हेच झाले असावे असा माझा अंदाज आहे.

यावर माझा उपाय असा, की पट्टे एकदाच पाडावेत, ते प्राकृतिक रचनेत पाडावेत आणि पुढचे तीनही मथळे त्याच पट्ट्यांवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे चालवावेत. गोव्यासाठी ही दिशा सोयीची आहे, कारण पाणीही तसेच वाहते. त्याचबरोबर पुढे ज्या गोष्टीचे कारण लागणार आहे, तिची नोंद आधीच्या मथळ्यात झालेली असली पाहिजे. म्हणून मी उत्तराची आखणी शेवटाकडून करते. साधनसंपत्तीत कोणत्या चार-पाच गोष्टी लिहायच्या ते आधी ठरवते, आणि त्यांची कारणे मागच्या तीन मथळ्यांत पेरत येते.

गोव्याचेच उदाहरण घेऊ. शेवटी लोहखनिज, खाजन शेती, काजू, आणि जंगल व पाणी एवढेच लिहायचे ठरले, असे समजा. मग प्राकृतिक रचनेत घाट पट्ट्याविषयी तीव्र उतार व अरुंद दऱ्या हे आलेच पाहिजे, कारण साळावलीसारखे धरण आणि मोल्याचे जंगल तिथे का, हे त्यावरून कळते. मधल्या पट्ट्यात जांभ्याचे सडे आणि डिचोलीपासून सांगे-केप्यापर्यंत गेलेली खनिजाची टेकडी-रांग आली पाहिजे. किनारपट्टीत, भरतीच्या पाण्याच्या पातळीला किंवा त्याहूनही खाली असलेल्या सखल जमिनी आल्या पाहिजेत. इथे एक अपवाद अवश्य लिहावा : जांभ्याची पठारे काही ठिकाणी थेट समुद्रापर्यंत येतात, म्हणून आग्वाद आणि मुरगाव येथे भूशिरे आहेत आणि त्यांच्या मधे वाळूच्या पुळणी आहेत. पट्टे काटेकोर नसतात हे लिहिणाऱ्याला माहीत आहे, असे त्या एका वाक्यावरून दिसते.

जलप्रणालीत सगळ्या नद्यांची नावे एका वाक्यात उरकावीत आणि उरलेली जागा मांडवी व जुवारी यांना द्यावी, कारण राज्याच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ 70 टक्के भाग या दोघींच्या खोऱ्यांत येतो. मांडवी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम पावते, घाटात वेगाने उतरते, मधल्या पट्ट्यात मंदावते आणि किनाऱ्यावर रुंद खाडी होऊन समुद्राला मिळते. म्हणजे तिन्ही पट्टे नदीसोबत पुन्हा एकदा पार झाले. खालच्या टप्प्यात उतार इतका कमी आहे की भरतीचे पाणी मुखापासून 40-50 किलोमीटर आतपर्यंत जाणवते. हे वाक्य चुकवू नका, कारण पुढे खाजन आणि बार्ज या दोन्ही गोष्टी त्याच्यावर उभ्या आहेत. कुंभारजुवे कालवा दोन्ही नद्यांना जोडतो, हेही इथेच नोंदवून ठेवावे.

एका बाबतीत बहुतेक विद्यार्थी घसरतात. पावसाळ्यात नद्यांना पूर येतो आणि उन्हाळ्यात पाणी आटते, हे ते जलप्रणालीतच लिहून टाकतात. त्याचे कारण पाऊस आहे आणि पाऊस तर अजून आलेलाच नाही. जलप्रणालीत मार्ग, उतार आणि मुख एवढेच ठेवावे. पाणी केव्हा किती असते, ते हवामानाच्या परिच्छेदाच्या शेवटी लिहावे. प्रश्नात दिलेला क्रम मोडू नये, पण हा तपशील थोडा पुढे सरकवायला कोणाची हरकत नसते.

हवामानही पट्ट्यांवरूनच लिहावे. नैऋत्य मोसमी वारे किनाऱ्यावर साधारण 2,500 ते 3,000 मिलिमीटर पाऊस देतात. सह्याद्रीला अडून ते वर चढतात, म्हणून वाळपईकडे तोच आकडा साडेतीन ते चार हजारांकडे जातो. यालाच प्रतिरोध पर्जन्य म्हणायचे, आणि शब्द वापरण्याआधी कारण सांगायचे. त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तापमानाला दोन वाक्ये पुरेत, कारण समुद्रसान्निध्यामुळे फरक कमी आहे आणि पुढे त्याचा उपयोगही फारसा नाही. परिच्छेदाचा शेवट नदीवर करावा. मी तो साधारण असा लिहीन : "पाऊस चारच महिन्यांत पडत असल्यामुळे मे महिन्यापर्यंत नद्यांतील गोडे पाणी कमी होते आणि भरतीबरोबर खारे पाणी अधिक आत शिरते."

या वाक्यानंतर साधनसंपत्तीला सुरुवात करणे सोपे जाते. घाट पट्ट्यात भरपूर पाऊस व तीव्र उतार, म्हणून जंगल आणि धरणे. मधल्या पट्ट्यात जांभ्याच्या उतारावर काजू, पाणी मिळते त्या दरीत सुपारी-नारळाची कुळागरे, आणि टेकड्यांत लोहखनिज. किनारपट्टीत बांध घालून आणि मानशीच्या झडपांनी खारे पाणी अडवून केलेली खाजन शेती : पावसाळ्यात भात, नंतर मासे, काही ठिकाणी मीठ.

लोहखनिजाला थोडी अधिक जागा द्यावी, कारण चारही मथळे तिथे एकत्र येतात. खनिज मधल्या पट्ट्यात निघत असे आणि बंदर मुरगावला. मधला प्रवास बार्जमधून होई, कारण खाड्या रुंद आणि भरतीच्या असल्यामुळे बार्ज खाणींच्या जवळपर्यंत जाऊ शकत. पावसाळ्यात मात्र मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या वाळूच्या दांड्यामुळे आणि उसळत्या समुद्रामुळे वाहतूक अवघड होई, तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव गाठत. रचना, नदी, पाऊस आणि खनिज या चौघांचा संबंध एवढ्यात येतो. खाणकाम 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये थांबले, एवढे वर्षांसह लिहून पुढे जावे. आमच्याकडे घराघरांत खाणीवर मत असते आणि परीक्षेत हात तिकडे वाहवतो. मीही दीड पान त्यावरच घालवले होते.

वेळेचे म्हणाल, तर 40 मिनिटे मिळत असतील तेव्हा पहिली पाच आखणीला देते आणि साधनसंपत्तीसाठी किमान बारा राखते. प्राकृतिक रचनेत रमून पुरवणी मागणाऱ्यांचे शेवटचे पान नेहमी घाईत लिहिलेले असते. नकाशा दोन मिनिटांत, पेन्सिलीने : सीमारेषा, तीन पट्टे, दोन नद्या, कालवा आणि मुरगाव. रंग भरू नयेत, त्यात वेळ जातो.

घरी सराव करताना एक पडताळणी करा. साधनसंपत्तीतले कोणतेही वाक्य घ्या आणि त्याचे कारण मागे कुठे लिहिले आहे तिथे बोट ठेवा. काजू लिहिला आणि मागे जांभ्याचा उल्लेखच नसेल, तर एकतर जांभा वर घाला किंवा काजू गाळा. माझ्या त्या प्रतीवर मी हे करून पाहिले, तेव्हा अकरा वाक्यांपैकी फक्त तीन वाक्यांचे कारण मागे सापडले.

हे सगळीकडे जसेच्या तसे चालेल असे मात्र समजू नका. महाराष्ट्राला कोकण, सह्याद्री आणि पठार असे पट्टे सहज पडतात, राजस्थानात अरवलीच्या दोन बाजू धरता येतात. पण गंगेच्या मैदानासारख्या प्रदेशात उंचीचा फरक जवळजवळ नसतो. तिथे रचनेवरून पट्टे पाडायला गेलात तर ते ओढूनताणून होतील. तिथे पाऊस पूर्वेकडून पश्चिमेकडे कमी होत जातो, त्यावरून विभाग पाडावेत आणि जुन्या व नव्या गाळाचा फरक त्यांच्या आत लिहावा. म्हणजे विभागणी कशावरून करायची हे प्रदेश पाहून ठरवायचे, आणि एकदा ठरले की उत्तर संपेपर्यंत बदलायचे नाही.

तुमच्या उत्तराचा फक्त साधनसंपत्तीचा भाग इथे टाकलात तर पाहून सांगेन. बाकीचे तीन भाग लागणार नाहीत, त्यांत काय राहिले आहे ते चौथ्यावरूनच दिसते.