स्मूदी बोलमध्ये आधी वरची सजावट मोजा

स्मूदी बोलमधल्या केळ्याने कॅलरी वाढतील अशी काळजी तुम्ही करताय, पण त्या वाढतात वरच्या थरामुळे. फळात बरंचसं पाणी असतं. ग्रॅनोला मात्र तेल आणि मध किंवा साखर लावून भाजलेला, कोरडा. त्यामुळे मूठभर ग्रॅनोलाही भारी पडतो.

एका बोलचं प्रमाण धरू. १०० ग्रॅम गोठवलेलं केळं, १०० ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि १०० ग्रॅम साधं दही मिळून साधारण १८० कॅलरी होतात. त्यावर ५० ग्रॅम ग्रॅनोला म्हणजे २३० च्या आसपास, भोपळ्याच्या बिया १५ ग्रॅम ८५, चमचाभर चिया ६० आणि वरून मधाची धार आणखी ६०. म्हणजे वरचंच झालं ४३५!

चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका, कारण शिगोशीग चमचा आणि सपाट चमचा यांत खूप फरक पडतो. भरलेला बोल वजनकाट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि मग ग्रॅनोला टाका. २० ग्रॅमला थांबा. बिया एकाच प्रकारच्या, १० ग्रॅम. मध नकोच, पिकलेलं केळं पुरेसं गोड असतं. उरलेली जागा ताज्या स्ट्रॉबेरीच्या फोडींनी भरा. आता वरचा थर १७५ च्या आसपास येतो.

बेस पातळ झाला तर ग्रॅनोला बुडून मऊ पडतो आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. म्हणून दूध घालू नका, दह्यातच फिरवा. चमचा उभा राहिला पाहिजे. व्यायामानंतर हेच तुमचं पूर्ण जेवण असेल, तर मात्र ग्रॅनोला ४० ग्रॅम घ्यायला हरकत नाही.