बिननावाची पुडी आणि डॉक्टरांपासून लपवलेला काढा

आमच्या गावातल्या वैद्यांच्या पाटीवर 'आयुर्वेदरत्न' आहे. ही डॉक्टरकीची पदवी आहे का?

१९६७ नंतर मिळवली असेल तर नाही. हिंदी साहित्य संमेलन, प्रयाग यांच्या या परीक्षेला तोवरच मान्यता होती. आज आयुर्वेदाचा दवाखाना चालवायला बीएएमएस लागतं. त्यात साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग आपल्याकडे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये नोंदणी. ते प्रमाणपत्र भिंतीवर असतं. त्यावरचं नाव वाचा आणि खुर्चीतला माणूस तोच आहे ना, तेही बघा. मुलाचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि नाडी बघायला वडील, असा दवाखाना मी पाहिला आहे.

गुडघेदुखीवर एका वैद्यांनी पांढऱ्या पुड्या दिल्या. दोनच दिवसांत दुखणं थांबलं. चालू ठेवू का?

दोन दिवसांत थांबलं, म्हणूनच मला शंका येते. आमच्या गुग्गुळाला काही आठवडे लागतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं वारंवार आढळलं आहे. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी चार महिने पुड्या घेतल्या होत्या. चेहरा चंद्रासारखा गोल, दंडावर निळे डाग, साखर वाढलेली. घरच्यांनी घाबरून पुड्या एकदम बंद केल्या, तर उलट्या आणि चक्कर सुरू झाली. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. म्हणून आपल्या मनाने पुडी एकदम बंद करू नका. उरलेल्या पुड्या घेऊन लगेच फिजिशियनकडे जा. यापुढे घटक, लायसन्स क्रमांक, बॅच आणि तारीख छापलेलंच औषध घ्या.

मी बीपीची गोळी घेते, शिवाय खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा. सांगितलं तर डॉक्टर ओरडतील. सांगायलाच हवं का?

हो, आणि तुमच्या बाबतीत तर आजच. ज्येष्ठमध रोज, आठवडेच्या आठवडे घेतला की अंगात पाणी धरतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. डॉक्टरांना काढ्याचा पत्ता नसेल तर ते गोळी वाढवतील. ती लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखी घसरेल. पायात गोळे येणं, छातीत धडधडणं ही त्याची लक्षणं.

'आयुर्वेदिक काहीतरी घेते' एवढ्यावर डॉक्टर काय करणार? असं सांगा: 'ज्येष्ठमधाचा काढा, रोज दोनदा अर्धा कप, तीन आठवड्यांपासून. ही बाटली आणली आहे. माझ्या गोळीबरोबर चालेल का? पोटॅशियम तपासायचं का?' ते नुसतं 'सगळं बंद करा' म्हणाले, तर नेमकं कशामुळे, हे विचारा. ऑपरेशन ठरलं असेल तर हीच यादी भूलतज्ज्ञांनाही आधीच द्या. आणि वैद्यांकडे जाताना बीपीच्या गोळीची पट्टी बरोबर न्या. आम्हालाही ती बघायची असते.